रस्त्यावरच्या शूटिंगचा अर्ज: जागा नेमकी लिहा

साताऱ्यात रस्त्यावर शूटिंग करायचं असेल, तर अर्जात नुसतं ‘राजपथावर चित्रीकरण’ लिहू नका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, नेमकं कुठे? म्हणून असं लिहा: ‘मोती चौकाजवळ, अमुक दुकानासमोरचा पदपथ, सकाळी ६ ते ८, माणसं ७, एक कॅमेरा, एक स्टँड, जनरेटर नाही, वाहतूक अडवणार नाही.’ शेवटचे तीन शब्द खरे असतील तरच लिहा. गाड्या थांबवायच्या असतील तर तसं स्पष्ट सांगा, वाहतूक शाखेलाही प्रत द्या. प्रसंगात मारामारी, खोटं पिस्तूल किंवा पोलिसांचा गणवेश असेल तर तेही आधीच लिहा. नाहीतर लोक घाबरून पोलिसांना फोन करतात आणि काम तिथेच थांबतं.

अर्ज हद्दीतल्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे करा. रस्त्यावर मांडव किंवा सामान ठेवणार असाल तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना वेगळा अर्ज लागतो. सांगलीत तो महापालिका आयुक्तांना.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही फक्त पोच आहे, परवानगी नव्हे. परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत कलाकारांना तारीख देऊ नका.