७५ टक्के जुळलं, पण नेमकं काय जुळलं?

नोकरीची जाहिरात आणि आपला बायोडेटा शेजारी ठेवून 'जुळणी ७५ टक्के' असा आकडा देणारी साधनं आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. काही जण हेच काम वहीत टिक मारून करतात. दोन्हीकडे हिशोब बहुधा एकच असतो : जाहिरातीत अपेक्षा किती, त्यातल्या आपल्याकडे किती, भागाकार करा, शंभरने गुणा. गणित बरोबर असतं. तरीही त्या आकड्यावरून अर्ज करायचा की नाही, आधी काय शिकायचं, हे ठरवलं तर निर्णय चुकू शकतो.

एक जाहिरात घेऊ. नवख्या डेटा ॲनालिस्टची जागा आहे आणि आठ अपेक्षा दिल्या आहेत. दोन उमेदवार आहेत, अ आणि ब. बायोडेटात ती गोष्ट सापडली तर १, नाही सापडली तर ०. वजनाचा रकाना तूर्त झाकून ठेवा, त्याकडे नंतर येऊ.

| अपेक्षा | वजन | अ | ब |
|---|---|---|---|
| एसक्यूएल | ५ | ० | १ |
| डॅशबोर्ड बनवणं | ४ | ० | १ |
| एक्सेल | ३ | १ | १ |
| सांख्यिकीची तोंडओळख | ३ | १ | १ |
| पायथन | २ | १ | ० |
| अहवाल लिहिणं | १ | १ | ० |
| टीमसोबत काम | १ | १ | ० |
| पदवी | १ | १ | १ |

साध्या मोजणीत अ च्या आठपैकी सहा अपेक्षा जुळतात, म्हणजे ७५ टक्के. ब च्या पाच, म्हणजे ६२.५ टक्के. अ पुढे आहे. पण या जागेवर रोजचं काम काय, तर डेटाबेसमधून माहिती काढायची आणि ती डॅशबोर्डवर मांडायची. नेमक्या त्याच दोन गोष्टी अ कडे नाहीत.

'आम्ही कुणालाच वजन दिलेलं नाही, म्हणून हा आकडा निष्पक्ष आहे' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. वजन न देणं म्हणजे सगळ्यांना सारखं वजन देणं. वरच्या साध्या टक्केवारीत एसक्यूएलला आठवा हिस्सा आहे आणि 'टीमसोबत काम' यालाही आठवा हिस्साच आहे. हा निर्णय कुणी विचार करून घेतलेला नाही. जाहिरात लिहिणाऱ्याने किती ओळी पाडल्या, त्यावरून तो आपोआप घेतला गेला.

ओळी पाडण्याचा परिणाम किती होतो, तेही पाहा. समजा, त्याच जाहिरातीत 'टीमसोबत काम' या एका ओळीच्या जागी तीन ओळी आल्या : टीमवर्क, संवादकौशल्य, वेळेचं नियोजन. अ च्या बायोडेटात तिन्ही शब्द आहेत, ब च्या बायोडेटात एकही नाही. आता अ चे दहापैकी आठ, म्हणजे ८० टक्के, आणि ब चे दहापैकी पाच, म्हणजे ५० टक्के. काम तेच, माणसं तीच. दोघांमधलं अंतर मात्र साडेबारावरून तीसवर गेलं. हाच प्रकार तांत्रिक कौशल्यांच्या ओळींतही होतो. 'एक्सेल', 'स्प्रेडशीट' आणि 'पिव्होट टेबल' या तीन वेगळ्या ओळी असल्या, तर एकच कौशल्य तीनदा मोजलं जातं. म्हणून आकडेमोड करण्याआधी एकाच कौशल्याच्या ओळी एकत्र करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर पुढची वजनंही फुकट जातात.

आता वजनाचा रकाना उघडू. इथे एकूण २० गुण आहेत आणि ते आठ ओळींत वाटले आहेत. प्रत्येक ओळीला १ ते ५ मध्ये स्वतंत्रपणे 'महत्त्व' देण्याची पद्धतही आहे, पण नवख्याने ती टाळलेली बरी. त्या पद्धतीत हात सैल सुटतो, सगळ्यांना ४ किंवा ५ दिले जातात आणि आपण पुन्हा सारख्या वजनांवर येऊन थांबतो. एकूण गुण ठरलेले असले की एका ओळीला द्यायला दुसरीकडून काढावे लागतात. तिथेच खरा विचार होतो.

गुण वाटताना जाहिरातीतली कौशल्यांची यादी बाजूला ठेवा आणि 'जबाबदाऱ्या' हा भाग वाचा. प्रत्येक जबाबदारीपुढे ती पार पाडायला काय लागेल ते लिहा. जे कौशल्य चार-पाच जबाबदाऱ्यांपुढे येतं, त्याला जास्त गुण. पदाच्या नावातच जे आहे, त्यालाही. 'असल्यास प्राधान्य' असं लिहिलेल्या ओळीला कमी. आणखी एक प्रश्न उपयोगी पडतो : हे येत नसेल तर पहिल्याच आठवड्यात काम अडेल, की महिन्याभरात कामावरच शिकता येईल? अडणाऱ्या गोष्टीचं वजन वाढवा. आणि हे सगळं स्वतःचा रकाना भरण्याआधी करा. आधी आपले १ आणि ० दिसले की हात नकळत आपल्या १ कडे गुण सरकवतो.

या वजनांनी अ ला २० पैकी ११ मिळतात, म्हणजे ५५ टक्के. ब ला १६, म्हणजे ८० टक्के. क्रम उलटला.

स्प्रेडशीटमध्ये वजनं B2 ते B9 आणि आपली पातळी, म्हणजे ते १ आणि ०, C2 ते C9 मध्ये असेल, तर सूत्र एवढंच :

```
=SUMPRODUCT(B2:B9,C2:C9)/SUM(B2:B9)
```

पातळीच्या रकान्यात 'हो' किंवा 'येतं' असे शब्द लिहू नका. हे सूत्र मजकुराला शून्य धरतं आणि कुठलीही चूक दाखवत नाही. रिकाम्या खान्याचंही तेच. उत्तर अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं तर आधी हे खाने तपासा.

यापुढचा घोळ त्या १ मध्ये आहे. ब ला एसक्यूएल येतं म्हणजे किती येतं? एका टेबलमधून `SELECT` आणि `WHERE` वापरून ओळी काढता येतात. पण जाहिरातीत अनेक टेबलं जोडून अहवाल काढायचं काम आहे, म्हणजे `JOIN` आणि `GROUP BY` सराईतपणे लिहिता यायला हवं. मग १ लिहिणं ही स्वतःचीच फसवणूक. ०, ०.५ आणि १ अशा तीनच पायऱ्या ठेवा : येत नाही, कुणाच्या मदतीने जमतं, एकट्याने पूर्ण करता येतं. ०.६ की ०.७ यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ब च्या एसक्यूएलला ०.५ दिलं की बेरीज १३.५ होते आणि टक्केवारी ८० वरून ६७.५ वर येते. सर्वांत जड ओळीतली एक पायरी साडेबारा टक्के खाऊन गेली. 'पदवी'च्या ओळीत तीच चूक झाली असती, तर अडीच टक्क्यांचा फरक पडला असता. म्हणून जड ओळींची पातळी ठरवताना काटेकोर राहा, हलक्या ओळींवर फार डोकं खपवू नका.

शून्याचेही दोन प्रकार असतात. ब ला अहवाल लिहिता येत नाही, की बायोडेटात तो शब्द आलेला नाही? शब्द शोधणाऱ्या साधनाला हा फरक कळत नाही. अशा ओळींसाठी दोन बेरजा करा, एकदा ० धरून, एकदा १ धरून. ब च्या बाबतीत अहवाल आणि टीम या दोन ओळी संशयाच्या आहेत, म्हणून खरं उत्तर ६७.५ ते ७७.५ टक्के या पट्ट्यात आहे. एकच आकडा सांगण्यापेक्षा हा पट्टा जास्त प्रामाणिक.

वजनं दिली म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. बेरजेच्या पद्धतीत एका ओळीतली उणीव दुसऱ्या ओळीतले गुण भरून काढतात. काही उणिवा अशा भरून निघत नाहीत. परिचारिकेच्या जागेसाठी व्यावसायिक नोंदणी नसेल, तर उरलेल्या सगळ्या ओळी जुळूनही उपयोग शून्य. अशी गोष्ट वजनाच्या रकान्यात घालायचीच नाही. ती वेगळी लिहून आधी तपासायची : आहे किंवा नाही. नसेल तर टक्केवारी काढायची गरजच उरत नाही. आपल्या उदाहरणात एसक्यूएल 'अनिवार्य' म्हटलं असेल, तर अ चे ५५ टक्के हेही दिशाभूल करणारेच. नवख्यांची चूक बहुतेकदा उलटी असते. ते प्रत्येक ओळ अनिवार्य समजून अर्जच करत नाहीत. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल किंवा कायद्याने परवाना लागत असेल, तरच ती अट माना.

वजनं शेवटी आपण ठरवलेली आहेत, मग त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा? अ आणि ब दोघांकडे सारख्याच असलेल्या ओळी खोडा. एक्सेल, सांख्यिकी आणि पदवी गेली. या ओळी दोघांचीही टक्केवारी फुगवतात, पण कोण पुढे हे ठरवत नाहीत. उरलं काय? ब कडे एसक्यूएलचे अडीच आणि डॅशबोर्डचे चार, मिळून साडेसहा. अ कडे पायथनचे दोन, अहवालाचा एक आणि टीमचा एक, मिळून चार. ब अडीच गुणांनी पुढे. बाकी सगळं तसंच ठेवून पायथनचं वजन २ वरून ४ केलं तरी ब च पुढे राहतो. ५ केलं तर मात्र अ पुढे जातो. म्हणजे या निकालावर शंका घ्यायची, तर प्रश्न एकच : या जागेवर पायथन एसक्यूएलइतकंच लागतं का? जबाबदाऱ्यांत रोजच्या स्क्रिप्ट लिहायचं काम असेल, तर उत्तर 'हो' असू शकतं आणि निकाल बदलतो.

दोन वेगळ्या जाहिरातींचे टक्के एकमेकांशी ताडून पाहू नका. एकीकडचे ७० आणि दुसरीकडचे ६० यांच्या ओळी वेगळ्या, वजनं वेगळी. ताडायचंच असेल तर प्रत्येक जाहिरातीतल्या सर्वांत जड दोन ओळींत आपण कुठे आहोत, ते पाहा.

ब ने पुढे काय करावं? साधी टक्केवारी सांगेल की पायथन, अहवाल आणि टीम या तीन ओळी रिकाम्या आहेत, प्रत्येकीचे साडेबारा टक्के. एसक्यूएलबद्दल ती गप्प राहील, कारण तिथे टिक आहे. वजनाचा तक्ता वेगळं सांगतो. एसक्यूएल ०.५ वरून १ वर नेलं तर साडेबारा टक्के वाढतात, पायथन शून्यापासून पूर्ण शिकलं तर दहा. अहवाल आणि टीम मिळूनही दहा टक्के आहेत. पण ते काम ब ने आधी केलेलं असेल, तर तिथे शिकायचं काहीच नाही, बायोडेटात दोन खऱ्या ओळी घालायच्या आहेत. म्हणून त्या दोन ओळी आज, `JOIN` चा सराव उद्यापासून आणि पायथन त्यानंतर.