वीस एकरांच्या ठिबकावरून चारशे एकरांचा अंदाज कसा बांधावा

पंचगंगेच्या किंवा भोगावतीच्या काठावरची एखादी सहकारी पाणीपुरवठा संस्था उसाला पाटाने पाणी देते. ती आधी वीस एकरांवर ठिबक करून बघते. प्रयोग जमतो, सभेत सगळ्या ४०० एकरांचा ठराव येतो आणि लगेच हिशेब मांडला जातो: वीस एकरांना १८ लाख लागले, म्हणजे एकरी ९० हजार, म्हणजे ४०० एकरांना ३ कोटी ६० लाख. हा गुणाकार बरोबर आहे, पण त्यावरून कर्ज काढले आणि सभासदांकडून वर्गणी गोळा केली की योजना मध्यावर अडते. ती का अडते आणि अंदाज कसा बांधावा, हे याच उदाहरणाच्या आकड्यांत पाहू. दर इथे हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या बिलांतले दर घालून हीच रीत वापरा.

आधी प्रयोगाचा खर्च फोडा

बिले पुन्हा काढा आणि प्रत्येक बिलावर एकच प्रश्न विचारा: हा खर्च कशामुळे वाढतो? एकर वाढल्यामुळे, शेताचे तुकडे वाढल्यामुळे, की पंप-फिल्टरची ठिकाणे वाढल्यामुळे? आपल्या उदाहरणातले १८ लाख असे फुटतात:

- इनलाइन लॅटरल नळी: ९,१२,०००
- सबमेन, व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह, जोडण्या आणि चर खोदाई: २,५२,०००
- सँड फिल्टर, डिस्क फिल्टर, खताची टाकी, प्रेशर गेज: ४,८०,०००
- सुपरवायझरचा चार महिन्यांचा पगार: ७२,०००
- नकाशे, पाणी तपासणी, अभ्यास दौरा: ८४,०००

एकराशी थेट बांधलेली अशी फक्त पहिली बाब आहे. पाच फुटी सरीला, म्हणजे दीड मीटर अंतराला, एकरात सुमारे २,७०० मीटर नळी बसते. प्रयोगात वीस एकरांसाठी ५७ हजार मीटर घेतली गेली, म्हणजे एकरी २,८५०. वरचे दीडशे मीटर काप, वळणे आणि बांधाकडच्या तिरक्या ओळींत गेले. कागदावरचे २,७०० विसरा आणि खरेदीचे २,८५० धरा. मीटरला १६ रुपये दराने एकरी ४५,६०० होतात, ४०० एकरांना १ कोटी ८२ लाख ४० हजार.

तुकड्यांची बाब एकरात मिसळू नका

कोल्हापूरच्या शिवारात सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. प्रयोगाला जे सभासद पुढे आले, त्यांची शेते मोठी होती: वीस एकरांत १२ तुकडे, सरासरी ६७ गुंठे. त्या ४०० एकरांचे सातबारा उतारे काढले, तर सरासरी तुकडा २५ गुंठ्यांचा निघतो, म्हणजे ४०० एकरांत ६४० तुकडे. तुकडा लहान झाला म्हणून व्हॉल्व्ह अर्धा लागत नाही. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतंत्र व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह आणि मुख्य लाइनवरची जोडणी हवीच. घटते ती फक्त सबमेनची लांबी.

प्रयोगात तुकड्यामागे सरासरी २१ हजार लागले. ही सरासरी सोडून द्या आणि प्रयोगातले सगळ्यात लहान तुकडे शोधा. समजा, तीस गुंठ्यांचे दोन तुकडे होते आणि त्यांना प्रत्येकी १४ हजार लागले. तोच दर ६४० तुकड्यांना लावा: ८९ लाख ६० हजार. एकरी गुणाकारात हीच बाब ५० लाख ४० हजार दिसत होती. पण १४ हजारांचा हा दर फक्त दोनच तुकड्यांवर उभा आहे, याची ठळक नोंद ठेवा. पुढे ती लागणार आहे.

नकाशा आणि देखरेखही तुकड्याशीच बांधलेली आहे. ८४ हजारांपैकी दौरा आणि पाणी तपासणीचे ६६ हजार पुन्हा लागणार नाहीत, ते काढून टाका. उरलेले १८ हजार १२ नकाशांचे, म्हणजे तुकड्याला दीड हजार. सुपरवायझरने पहिल्या सहा तुकड्यांना दहा आठवडे घेतले आणि नंतरच्या सहांना सहा आठवडे. सुरुवातीचा वेळ शिकण्यात गेला, म्हणून दर नंतरच्या सहांवरून काढा: महिन्याला चार तुकडे, १८ हजार पगाराने तुकड्यामागे साडेचार हजार. ६४० तुकड्यांना नकाशांचे ९ लाख ६० हजार आणि देखरेखीचे २८ लाख ८० हजार होतात.

फिल्टर पायरीने वाढतो

उसाला उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी धरले, तर एकराला सुमारे २४ हजार लिटर लागतात. शेतीच्या थ्री-फेज विजेचे आठ तास मिळतात असे धरले, तर ४० एकरांसाठी ताशी १२० घनमीटर गाळणारा संच हवा. प्रयोगात तेवढाच संच बसवला होता आणि त्यावर फक्त वीस एकर चालले. म्हणून एकरी भाव फुगलेला दिसला.

गणिताने ४०० एकरांना दहा संच होतात. पण पाइपलाइनच्या नकाशावर बसवून पाहिले की ओढ्यापलीकडचे पंचवीस एकर, टेकाकडचे तीस एकर असे गट निघतात आणि त्यांना स्वतंत्र संच द्यावाच लागतो. नकाशावर मोजून बारा आले, तर बाराच धरा: ५७ लाख ६० हजार. अर्धा संच विकत मिळत नाही. या बाबीत नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा.

फुकट मिळालेले शोधा

प्रयोगात काही कामे बिलावर येतच नाहीत. कंपनीच्या माणसांनी नळ्या स्वतः अंथरून दिल्या, ट्रॅक्टर एका संचालकाचा होता, माल दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवला. चारशे एकरांना हे कोणी देणार नाही. अंथरणीला एकरी चार मजूर, ५०० रुपये रोज धरला तर एकरी २ हजार, एकूण ८ लाख. वाहतूक आणि गोदामाचे दर स्थानिक भावाने याच रीतीने घाला.

दुसरी लपलेली बाब वेळेची आहे. ठिबक बसवून चार महिन्यांत प्रयोग यशस्वी ठरवला, तर ऊसतोडीचा खर्च दिसतच नाही. तोडीआधी नळ्या गुंडाळाव्या लागतात. राहिल्या तर कोयत्याने कापल्या जातात आणि पाचट पेटवले तर वितळतात. पूरपट्ट्यातल्या शेतांत पावसाळ्यातही तीच काळजी. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून निदान एक तोड पार पडेपर्यंत प्रयोगाचा हिशेब बंद करू नये. गुंडाळणी, दुरुस्ती आणि ड्रिपर साफ करायला लागणारे ॲसिड यांचा एकरी वार्षिक दर काढा आणि तो भांडवली खर्चात न मिसळता चालू खर्चात ठेवा.

आता बेरीज

नळी १,८२,४०,०००, तुकड्यांची कामे ८९,६०,०००, फिल्टर ५७,६०,०००, देखरेख २८,८०,०००, नकाशे ९,६०,००० आणि अंथरणी ८,००,०००. एकूण ३ कोटी ७६ लाख. साध्या गुणाकाराच्या ३ कोटी ६० लाखांपेक्षा हे फार लांब नाही आणि त्यामुळेच अनेकजण विचारतात, मग एवढी उठाठेव कशाला? कारण बेरीज जवळ आली ती दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे. फिल्टर फुगला होता आणि तुकडे दबले होते.

वर्गणी आकारताना ही झाकलेली चूक उघडी पडते. दहा गुंठ्यांच्या सभासदाकडून एकरी ९० हजारांनी साडेबावीस हजार घेतले जातात. त्याच्या शेताचा खरा खर्च, लहान तुकड्याचे काम दहा हजार धरले तरी, साडेएकतीस हजारांच्या घरात जातो. दोन एकरांच्या सभासदाकडून १ लाख ८० हजार घेतले जातात आणि त्याला लागतात सुमारे १ लाख ५४ हजार. मोठी शेते आधी केली तर पैसे उरल्यासारखे वाटतात आणि लहान शेतांची पाळी येते तेव्हा तिजोरी रिकामी असते. लहान सभासदांचा भार सगळ्यांनी उचलायचा की नाही, हा सभेचा निर्णय आहे आणि माझ्या मते तो उचलावाच. पण तो आकडा समोर ठेवून ठरावाने घ्यावा. शासनाचे अनुदानही दरातून वजा करू नका. ते काम झाल्यावर येते, तोपर्यंतचे पैसे संस्थेलाच उभे करावे लागतात.

लावणीचे वेळापत्रक दरात उतरवा

खोडव्यात तीन फुटी सरीवर पाच फुटी ठिबक बसत नाही. शेत नव्या लावणीला येईल तेव्हाच काम होते. लावण आणि एक-दोन खोडवे धरले, तर पूर्ण शिवार फिरायला तीन वर्षे लागतात. वर्षाला सुमारे २१३ तुकडे, तेही आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू लावणीच्या मिळून सहा महिन्यांत. महिन्याला चार तुकड्यांच्या वेगाने त्या काळात नऊ सुपरवायझर लागतात. त्यांना वर्षभर पगारावर ठेवले, तर तीन वर्षांत ५८ लाखांवर जातात, आपण धरलेल्या रकमेच्या दुप्पट. म्हणून नेमणूक हंगामी करा किंवा तुकड्यावर मोबदला ठरवा. दोन्ही जमणार नसेल, तर वाढीव रक्कम अंदाजात आत्ताच घाला.

राखीव रक्कम आणि पहिला टप्पा

सरसकट दहा टक्के राखीव ठेवण्यापेक्षा कोणता दर कच्चा आहे ते पाहा. १४ हजारांचा दर दोनच तुकड्यांवरून आला आहे. तो १६ हजार निघाला तर १२ लाख ८० हजार वाढतात. तेवढी राखीव त्या एका बाबीसाठी ठेवा. नळीचा दर मोठ्या खरेदीत उतरेल, पण लेखी कोटेशन आणि त्याची मुदत हातात येईपर्यंत उतरलेला दर धरू नका. नळी पॉलिथिनची असते आणि कच्च्या मालाचा भाव हलतो.

पहिल्या टप्प्यात एकच फिल्टर संच आणि त्याखालचे चाळीस एकर घ्या, पण ते मुद्दाम लहान तुकड्यांच्या भागातले निवडा. प्रत्येक तुकड्याला एक पान ठेवा: गुंठे, नळीचे मीटर, व्हॉल्व्हचे बिल, चराची लांबी, मजूर, सुपरवायझरचे दिवस. साठ-पासष्ट पाने जमली की तुकड्याचा दर पक्का होतो. तो अंदाजापेक्षा राखीव रकमेच्या आत वाढला असेल, तर पुढच्या संचाची ऑर्डर द्या. राखीवही ओलांडली, तर ऑर्डर थांबवा आणि आधी शेजारच्या बांधकऱ्यांना एका व्हॉल्व्हवर एकत्र आणता येते का ते पाहा. दोन पंचवीस गुंठ्यांचे तुकडे एका व्हॉल्व्हवर आले, तर एक पूर्ण जोडणी वाचते. त्यासाठी दोघांची लावण एकाच हंगामात हवी आणि पाण्याची पाळी एकत्र घेण्याची लेखी संमती हवी.