फिटनेस बँड घेताय? पल्सच्या बाबतीत या चुका टाळा

गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला. "अरे, मी नुसतं हळूहळू पळतोय तरी बँड १६४ दाखवतोय. डॉक्टरांकडे जाऊ का?" दाजींचं वय ४६. २२० वजा वय या ढोबळ हिशोबाने त्यांची कमाल पल्स येते १७४. म्हणजे १६४ ला माणूस धापा टाकत असायला हवा, आणि हे पळता पळता माझ्याशी फोनवर गप्पा मारत होते.

मी म्हटलं, आधी पावलं मोजा. उजवा पाय ३० सेकंदांत ४१ वेळा टेकला. दोन्ही पायांची मिळून ८२, म्हणजे मिनिटाला १६४ पावलं. मग त्यांना थांबवून लगेच मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजायला लावली. ३३ ठोके आले, म्हणजे मिनिटाला १३२. थांबल्यावर नाडी थोडी उतरते हे धरलं तरी तेवढ्यात तीस-बत्तीसचा फरक पडत नाही. बँड त्यांचं हृदय नाही, पाय मोजत होता.

याला कॅडन्स लॉक म्हणतात. बँडच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश टाकतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती कमी-जास्त होतो ते सेन्सर बघतो. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला बँड हलतो, तोही प्रकाश कमी-जास्त करतो, आणि सॉफ्टवेअर त्या ठेक्यालाच पल्स समजून बसतं. त्यामुळे चुकीचा आकडा दिसायला अगदी स्थिर आणि खरा वाटतो.

उपाय साधा आहे. व्यायामापुरता बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा आणि एक भोक घट्ट करा. हात हलवल्यावर तो घसरू नये, पण खाली खोल वळ उठेल इतका आवळूही नका. मनगटावर गडद टॅटू असेल तर दुसऱ्या हातात घाला. थंडीत पहिली पाच मिनिटं चाला, मगच आकड्यांकडे बघा, कारण गारठलेल्या हातात रक्तप्रवाह कमी असतो. (छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर यातलं काहीही करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.)

दुसरी तक्रार नेहमीची: आलेखात भोकं पडतात. लोक लगेच फोनला दोष देतात, "स्वस्त फोन आहे, ॲप बंद पाडतो." हे अर्धंच खरं. बँड पल्स स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि फोनशी जोडला गेला की पाठवतो. म्हणून ॲप बंद पडलं तर सहसा नोटिफिकेशन थांबतात आणि आकडे उशिरा येतात. ॲप उघडून सिंक केल्यावरही भोकं तशीच राहिली, तर आधी बँडची सेटिंग तपासा. बऱ्याच बँडमध्ये कंपनीने पल्स दर १० किंवा ३० मिनिटांनी मोजायला ठेवलेली असते, कारण त्यामुळे बॅटरी जास्त टिकते. दर मिनिटाला मोजायचा पर्याय निवडा. बॅटरीचे दिवस मात्र बरेच घटतील. खोक्यावरचे 'इतके दिवस' बहुतेक वेळा अशा मोजणीसाठी नसतातच.

सिंक केल्यावर भोकं भरत असतील, तर मग फोनच बघा. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये Unrestricted निवडा, आणि तुमच्या फोनमध्ये Autostart असेल तर तेही चालू करा. अँड्रॉइड १२ पासून पुढे Nearby devices ही परवानगी लागते. जुन्या फोनवर ब्लूटूथने बँड शोधायलाही लोकेशन चालू असावं लागतं, आणि तिथेच बरेच जण 'बँडच सापडत नाही' म्हणून दुकानात परत जातात.

आता खरेदीआधीची चूक. आपण शंभर स्पोर्ट्स मोड आहेत का बघतो, ॲप बघत नाही. बँड घेण्याआधी त्याचं ॲप आपल्याच फोनवर टाका. खातं न उघडता चालतं का, आणि आकडे Health Connect ला, म्हणजे वेगवेगळ्या ॲपचे आरोग्याचे आकडे एका जागी ठेवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीला, देतं का, हे त्याच्या माहितीत वाचा. अँड्रॉइड १४ पासून Health Connect फोनमध्येच असतं, १३ किंवा त्याआधीच्या फोनवर प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं. बँडचं ॲप तिथे आकडे देत नसेल तर उद्या बँड बदलल्यावर जुने आकडे त्या ॲपमध्येच अडकून पडू शकतात.

दाजींनी पट्टा वर सरकवून घट्ट केला. पुढच्या रविवारी बँडने १३७ दाखवले, बोटांनी १३२ आले. सायकल चालवताना मात्र त्यांचा बँड अजून गोंधळतो, कारण हँडल पकडल्यावर मनगट वाकतं. त्यासाठी त्यांनी आता छातीला बांधायचा पट्टा बघायला घेतलाय. तो हृदयाचे विजेचे संकेत मोजतो. मी एवढंच सांगितलंय, पैसे देण्याआधी तुमचं ॲप ब्लूटूथचा छातीपट्टा घेतं का ते बघा. बऱ्याच बँडची ॲप फक्त स्वतःच्याच बँडला ओळखतात.