संशोधन आराखडा तपासताना: आधी क्रियापदं, मग उद्दिष्टं, क्रमांक शेवटी

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी कुणीतरी पीएचडीचा आराखडा घेऊन येतं आणि म्हणतं, “सर, जरा शुद्धलेखन बघा.” ऱ्हस्व-दीर्घ घरातलं कुणीही बघेल. आराखडा अडतो तो क्रियापदांच्या काळावर. आधी तेवढंच तपासा, बाकीचं नंतर.

आराखडा छापून घ्या आणि फक्त वाक्यांच्या शेवटावरून पेन फिरवा. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटीच येतं, त्यामुळे वीस पानांना तासभर पुरतो. दुसऱ्यांच्या कामाबद्दलची क्रियापदं निळ्याने अधोरेखित करा, स्वतःच्या कामाबद्दलची लाल पेनाने.

लाल सोपं आहे: काम व्हायचंय, म्हणून भविष्यकाळ. तरी मी इथेच तोंडघशी पडलो होतो. कार्यपद्धतीचा भाग जुन्या लघुप्रबंधातून उचलला आणि त्यात ‘माहिती गोळा करण्यात आली’ तसंच राहिलं. समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “गोळा झालीय? मग दाखवा.” तेव्हापासून पद्धतीच्या प्रकरणात ‘आली’, ‘केली’ दिसलं की मी थांबतो. पथदर्शी पाहणी खरोखर झाली असेल तर तेवढाच परिच्छेद भूतकाळात राहू द्या.

खरी डोकेदुखी निळ्याची. ‘पूर्वसाहित्याचा आढावा सगळा भूतकाळात करा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. संशोधकाने विशिष्ट ठिकाणी काय केलं, काय आढळलं ते भूतकाळात. त्याची भूमिका किंवा आजही चर्चेत असलेली संकल्पना वर्तमानात: ‘मानतात’, ‘मांडतात’. अनेक अभ्यासांतून जमत आलेलं चित्र असेल तर ‘दाखवले आहे’.

पण वाक्यात अनेकदा दोन क्रियापदं असतात आणि घात शेवटचं नाही, आतलं करतं. समजा निफाडच्या द्राक्षबागांवरचा आराखडा आहे. त्यात लिहिलंय, ‘ठिबक सिंचनामुळे पाणी वाचते असे संशोधकांना आढळले.’ ‘वाचते’ म्हणजे सगळीकडे, नेहमी वाचते. हे तुम्हीच मान्य केलंत, तर समिती विचारणार, मग तुम्ही काय शोधणार? मूळ अभ्यास एका गावातल्या एका हंगामाचा असेल तर लिहा, ‘त्या हंगामात पाणी वाचल्याचे आढळले.’ आता दुसऱ्या गावाला, दुसऱ्या हंगामाला जागा उरली. संशोधनातली पोकळी ‘वाचते’मधल्या एका प्रत्ययाने बुजते. म्हणून प्रत्येक निळ्या वाक्याशी मूळ लेख उघडून बघायचा. तोच निकष ‘सिद्ध केले’ला लावा. लेखकाने फक्त शक्यता वर्तवली असेल तर ‘सुचवले’ लिहा.

काळ बदलताना शोधा-आणि-बदला हे बटण मात्र दाबू नका. ‘संशोधक नोंदवतात’चं ‘संशोधक नोंदवले’ होतं, कारण सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो: ‘संशोधकांनी नोंदवले’. त्या बटणामुळे मी एकदा अख्खी रात्र जागलोय.

आता उद्दिष्टं. ‘अभ्यास करणे’, ‘जाणून घेणे’, ‘आढावा घेणे’ यांवर काट मारा. अभ्यास तर सगळेच करतात. वरच्याच आराखड्यातलं पहिलं उद्दिष्ट होतं, ‘द्राक्ष बागायतदारांच्या समस्यांचा अभ्यास करणे.’ कोणते बागायतदार, कोणती समस्या, कशाशी ताडून? बदलून झालं, ‘निफाड तालुक्यातील निर्यातीसाठी आणि स्थानिक बाजारासाठी द्राक्ष पिकवणाऱ्या बागायतदारांच्या एकरी फवारणी खर्चाची तुलना करणे.’ हे पूर्ण झालं की नाही, ते कुणालाही सांगता येईल. दुसरं होतं, ‘उपाय सुचवणे’. त्यासाठी पद्धतीत एकही ओळ नव्हती, म्हणून ते काढलं. असंच आणखी एक गेलं आणि पाचांची तीन उरली.

इथूनच क्रमांकांचा घोळ सुरू होतो. उद्दिष्टं तीन झाली, पण पद्धतीत ‘उद्दिष्ट ४ साठी मुलाखती’ तसंच राहतं. म्हणून क्रमांक शेवटी. मजकुरातला प्रत्येक ‘उद्दिष्ट’, ‘विभाग’, ‘तक्ता’ आणि ‘पाहा’ शोधा आणि ज्याकडे बोट दाखवलंय तिथे जाऊन या. हाताने टाकलेले क्रमांक पुसा, शीर्षकांना वर्डमधल्या `Heading` शैली द्या आणि क्रमांक `Multilevel List` मधून घ्या. संदर्भ `Cross-reference` ने टाकले असतील तर `Ctrl+A` आणि मग `F9` दाबलं की ते नव्या क्रमांकांप्रमाणे बदलतात. हाताने टाइप केलेले बदलत नाहीत.

एक जागा हमखास सुटते. अर्ध्या शीर्षकांवर ‘३.२’ असतं आणि अर्ध्यांवर इंग्रजी आकड्यांतलं `3.2`. एका लिपीत शोधलं तर दुसऱ्या लिपीतला क्रमांक हाती लागत नाही, तेव्हा दोन्ही लिपींत शोधा, एकच ठेवा आणि अनुक्रमणिका त्यानंतरच ताजी करा.