गोदाम अपुरं? सगळ्या ऑर्डर सारख्या टक्क्यांनी कापू नका

किफायतशीर ऑर्डर संख्या (EOQ) काढल्या आणि माल गोदामात मावेना, तर सूत्रात जागेचा गुणक λ घाला:

```
Q = √(2DS / (H + 2λw))
```

Q एका ऑर्डरमध्ये मागवायचे नग, D वार्षिक मागणी, S दर ऑर्डरचा खर्च, H एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च, w एका नगाची जागा. सगळ्या वस्तूंना λ एकच.

समजा, दोन वस्तू आहेत. दोन्हींची मागणी १०००, ऑर्डर खर्च २०, जागा नगाला १ चौरस मीटर. साठवण खर्च मात्र ४ आणि १. मूळ उत्तरं १०० आणि २००, जागा फक्त १७६. λ = १ धरल्यास बेरीज १९७, अजून जास्तच; १.५ धरल्यास ७६ आणि १००, नेमकं बसतं. सरसकट कपात ५९ आणि ११७ सुचवते, तिचा वार्षिक खर्च सुमारे ६८६, गुणकाने ६६५.

हा १.५ मला उत्तराइतकाच मोलाचा वाटतो: आणखी एका चौरस मीटरने वर्षाला साधारण तेवढी बचत होते. भाडं त्याहून कमी असेल तर जागा घ्या.

आधी λ = ० ठेवून पाहा; माल मावला तर गुणक नकोच. सगळा माल एकदम येतो असं हे गणित धरतं. ऑर्डर आलटून-पालटून येत असतील आणि जागा सामाईक असेल, तर ते गरजेपेक्षा जास्त कापतं.