चौदा वेळा ‘वॉटरप्रूफिंग’

नौपाड्यातील माझ्या मेहुण्यांच्या गच्चीदुरुस्तीच्या व्यवसायासाठी मी संकेतस्थळाचे पान लिहिले, तेव्हा गूगलच्या शोधात ते वर दिसावे म्हणून तीनशे शब्दांत ‘ठाण्यात वॉटरप्रूफिंग’ हे शब्द चौदा वेळा घातले होते आणि तळाशी कोपरीपासून घोडबंदरपर्यंतच्या वस्त्यांची नुसती यादी होती. अशा याद्यांना गूगल आपल्या नियमांत स्पॅमच म्हणते, हे मला नंतर कळले.

पान मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळली, तिथे खूण केली. तो शब्दप्रयोग शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि एका उपशीर्षकात ठेवला, बाकीचे अकरा काढले. त्या जागी समानार्थी शब्द कोंबण्याऐवजी मेहुणे ग्राहकाला जे सांगतात तेच लिहिले: स्लॅबच्या भेगा कशा बुजवतात, विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा कधी उखडावा लागतो, पाणी साठवून चाचणी कशी घेतात.

एक चूक मात्र झालीच. ‘गळती’ऐवजी एके ठिकाणी मी ‘ओल’ लिहिले, तेव्हा मेहुणे म्हणाले, “अहो, ओल भिंतीतून चढतेही, गळती वरून येते, दोन्हींचा इलाज वेगळा.” तो शब्द मी परत बदलला आणि ओलीसाठी स्वतंत्र परिच्छेद लिहिला.