चक्रवाढ व्याज आणि कर्जाचा हप्ता स्प्रेडशीटवर शिकवताय? मग या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या कॉमर्सच्या पोरांना चक्रवाढ व्याज येतं आणि हप्ता काढणारं PMT सूत्र पण टाइप करता येतं, पण या दोघांचा एकमेकांशी संबंध काय हे विचारलं की वर्ग गप्प होतो. खरी अडचण इथेच आहे असं माझं मत आहे, आणि स्प्रेडशीटमधल्या अर्ध्याअधिक चुका यातूनच येतात, कारण उत्तर चुकलंय हे ओळखायला मुलांच्या हातात काहीच नसतं.

सगळ्यासाठी एकच उदाहरण धरूया म्हणजे आकडे डोक्यात राहतील. गाडीसाठी १,००,००० रुपये कर्ज, वर्षाला १२ टक्के, १२ महिन्यांत फेडायचं. मुद्दाम सोपे आकडे घेतलेत, महिन्याचा दर बरोबर १ टक्का पडतो आणि पहिल्या महिन्याचं व्याज १,००० हे तोंडी येतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: चक्रवाढीची रास काढून १२ ने भागणं

हप्ता काढा म्हटलं की हुशार मुलगा सूत्र लावतो, १,००,००० गुणिले १.०१ चा बारावा घात, आले १,१२,६८२.५०, भागिले १२, हप्ता ९,३९०.२१. पायऱ्या बरोबर दिसतात म्हणून शिक्षकसुद्धा कधीकधी मार्क देऊन टाकतात. पण ही रास त्या माणसाची आहे जो वर्षभर एक रुपयाही भरत नाही आणि शेवटी एकदम फेडतो. आपला माणूस तर पहिल्या महिन्यापासून भरतोय, म्हणजे त्याची शिल्लक दर महिन्याला कमी होतेय आणि व्याज फक्त उरलेल्या शिल्लकेवर लागतंय. खरा हप्ता ८,८८४.८८ येतो, म्हणजे वरच्या उत्तरापेक्षा महिन्याला पाचशेहून जास्त रुपये कमी.

मग चक्रवाढ गेली कुठे? ती तिथेच आहे. मुलांना हे करून दाखवा: पहिला हप्ता भरला तो सावकाराकडे पुढचे ११ महिने १ टक्क्याने वाढतो असं धरा, दुसरा १० महिने, तिसरा ९, आणि शेवटचा अजिबात नाही. या बाराही वाढलेल्या हप्त्यांची बेरीज करा, बरोबर १,१२,६८२.५० येते. दोन्ही बाजू वर्षाच्या शेवटी जुळतात. हे एकदा स्वतःच्या शीटवर जुळताना पाहिलं की हप्ता म्हणजे चक्रवाढच हे वेगळं समजवावं लागत नाही, निदान माझ्या वर्गात तरी नाही लागलं.

म्हणून माझं सांगणं, PMT पहिल्या तासाला शिकवूच नका. आधी महिन्यामहिन्याचा तक्ता करू द्या, हप्त्याच्या जागी अंदाजे ९,००० टाकून शेवटची शिल्लक बघू द्या, मग ८,८०० टाकू द्या, शून्याच्या या बाजूला की त्या बाजूला हे बघत बघत ते स्वतःच ८,८८५ च्या जवळ येतात. त्यानंतर PMT दिलं की ते सूत्र काय शोधतंय ते कळलेलं असतं.

मांडणी

वर चार खाने, खाली तक्ता. B1 मध्ये मुद्दल, B2 मध्ये वार्षिक दर, B3 मध्ये महिने, B4 मध्ये हप्ता. तक्ता सातव्या ओळीपासून: महिना, सुरुवातीची शिल्लक, हप्ता, व्याज, मुद्दलात जमा, शेवटची शिल्लक.

```
B4: =PMT(B2/12,B3,-B1)
B7: =B1
C7: =$B$4
D7: =B7*$B$2/12
E7: =C7-D7
F7: =B7-E7
B8: =F7
```

बाकी खाली ओढायचं, अठराव्या ओळीपर्यंत. एक्सेल असो, गूगल शीट्स असो किंवा लॅबमधलं लिब्रेऑफिस, सूत्रं हीच. पहिल्या ओळीत व्याज १,००० आणि मुद्दलात ७,८८४.८८, दुसऱ्या ओळीत व्याज ९२१.१५, असं उतरत जातं आणि F18 ला शून्य.

चुकीचा आकडाच सांगतो चूक कुठे आहे

मुलगा "सर, माझं जुळंना" म्हणत आला की लगेच त्याच्या माऊसला हात लावू नका, आधी B4 मध्ये काय आलंय ते विचारा. १६,१४३.६८ आलं असेल तर त्याने दर १२ ने भागलेला नाही, म्हणजे शीट समजतंय की दर महिन्याला १२ टक्के व्याज आहे. १,००,०२४.४२ आलं असेल तर B2 मध्ये नुसतं 12 लिहिलंय, टक्क्याची खूण राहिली, शीटच्या हिशेबाने वर्षाला १,२०० टक्के आणि महिन्याला १०० टक्के झाले, म्हणून हप्ता जवळजवळ पूर्ण मुद्दलाएवढा. हे दोन आकडे मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, पोरं स्वतःच आपली चूक ओळखतात आणि नुसतं "चुकलं" ऐकण्यापेक्षा त्यांना ते पटतं.

हप्ता बरोबर पण तक्ता बिघडलाय, हा दुसरा प्रकार. इथे बहुतेक वेळा डॉलरची खूण राहिलेली असते. D7 मध्ये `=B7*B2/12` लिहिलं तर पहिली ओळ अगदी बरोबर येते आणि म्हणूनच ही चूक लपते. खाली ओढलं की B2 चा B3 होतो, म्हणजे दराच्या जागी महिन्यांची संख्या 12 जाऊन बसते, आणि दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२,११५.१२, म्हणजे शिल्लकेएवढंच! तिसऱ्या ओळीत B4, म्हणजे हप्ताच दर बनतो आणि व्याज तेरा कोटींच्या घरात जातं. एवढा मोठा आकडा दिसला तर मुलांच्या लक्षात येतं, पण B3, B4 रिकामे असतील अशी मांडणी केली असेल तर व्याज गुपचूप ० होतं आणि तक्ता सभ्य दिसतो, ते जास्त धोक्याचं. म्हणून पहिली नाही, दुसरी ओळ तपासायची सवय लावा: दुसऱ्या महिन्याचं व्याज पहिल्यापेक्षा थोडंसंच कमी हवं.

तिसरा प्रकार उणे चिन्हाचा. PMT मध्ये मुद्दल अधिक दिलं की हप्ता उणे येतो, कारण आत आलेला पैसा अधिक आणि बाहेर गेलेला उणे असा त्या सूत्राचा हिशेब. तो उणे हप्ता तसाच तक्त्यात गेला की पहिल्या महिन्याची शेवटची शिल्लक १,०९,८८४.८८ दिसते. भरूनही कर्ज वाढतंय म्हटल्यावर चिन्ह बघायचं. काही जण उणे घालवायला ABS लावतात, उत्तर येतं पण पैसा कुठून कुठे गेला हा मुद्दाच पुसला जातो, मला ते पटत नाही.

शेवटी एक रुपया का उरतो

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि बरेचजण "राउंडिंग आहे, सोड" म्हणून मोकळे होतात. सोडू नका, अकाउंट्सच्या पोरांना हेच तर शिकायचंय.

दशांश लपवणं आणि पूर्णांक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरमॅटमधून दशांश काढले तर खान्यात ८,८८५ दिसतं पण आत ८,८८४.८८च असतं. मग मुलगी कॅल्क्युलेटरवर बारा हप्ते जोडते, १,०६,६२०, आणि शीटची SUM दाखवते १,०६,६१९. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण विश्वास उडतो तो शीटवरचा.

खऱ्या कर्जात हप्ता पूर्ण रुपयांत ठेवलेला बऱ्याचदा दिसतो, म्हणून मॉडेलमध्येही तसंच करा. B4 ला आणि D7 ला ROUND लावा, पुढे शून्य दशांश, D7 परत खाली ओढा आणि मग C18 बदला:

```
B4: =ROUND(PMT(B2/12,B3,-B1),0)
D7: =ROUND(B7*$B$2/12,0)
C18: =B18+D18
```

आता हप्ता ८,८८५. बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक ८,७९६, त्यावर व्याज ८८, म्हणजे शेवटचा हप्ता ८,८८४. एक रुपया कमी. C18 मध्ये वेगळं सूत्र ठेवलंय ते यासाठीच, नाहीतर शिल्लक उणे १ दिसते. एकूण व्याज ६,६१९ आणि आता कॅल्क्युलेटरवर जोडलं तरी तेवढंच.

ROUND न लावलेल्या तक्त्यात कधीकधी F18 ला शून्याऐवजी E-10 किंवा E-11 असलं काहीतरी दिसतं, ते बघून मुलं घाबरतात. तो कॉम्प्युटरच्या दशांश साठवण्यातला अगदी बारीक फरक असतो, तपासणी `=ROUND(F18,2)=0` अशी ठेवा, TRUE आलं की झालं.

फ्लॅट दर आणि घटत्या शिल्लकेचा दर एकाच तक्त्यात कोंबू नका

मुलं घरून खरी उदाहरणं आणतात ते फार चांगलं, कुणाच्या घरी ट्रॅक्टर, कुणाकडे फ्रिज. पण त्यात "१२ टक्के फ्लॅट" असं असतं आणि मूल ते तसंच B2 मध्ये टाकतं, मग शीटचा हप्ता ८,८८५ आणि कागदावरचा ९,३३३, आणि शीट चुकलं असा निष्कर्ष. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण वर्ष पूर्ण मुद्दलावर धरतात, १२,००० रुपये, मग १,१२,००० भागिले १२. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय तरी व्याज कमी होत नाही. खरा दर किती ते उलटं काढायचं:

```
=RATE(12,-9333.33,100000)*12
```

उत्तर २१.४६ टक्क्यांच्या आसपास. हप्त्यापुढचं उणे राहिलं तर एक्सेलमध्ये `#NUM!` येतं, एवढं आधीच सांगून ठेवा. हाच २१.४६ चा दर B2 मध्ये टाकून तक्ता परत करायला लावा, हप्ता ९,३३३ च्या अगदी जवळ येतो आणि शिल्लक शून्याला टेकते, म्हणजे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा मिळतो.

प्रोसेसिंग फीचंही असंच. १२ टक्के घटत्या शिल्लकेवर, पण हातात ९८,००० च पडले आणि २,००० फी कापली, तर RATE मध्ये हप्ता ८,८८४.८८ च ठेवायचा आणि १,००,००० च्या जागी ९८,००० घालायचे, दर १५.८ टक्क्यांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना नवीन रिटेल कर्जाला की फॅक्ट्स स्टेटमेंट देणं रिझर्व बँकेने सक्तीचं केलंय, त्यात असे खर्च धरून काढलेला वार्षिक दर एपीआर म्हणून छापलेला असतो आणि हप्त्यांचा तक्ता पण असतो. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांच्या कर्जाला हा कागद मिळेलच असं धरू नका, तिथे पासबुकातल्या नोंदींवरून तक्ता करायचा. ज्यांच्या घरी हे स्टेटमेंट असेल त्यांनी नाव, खाते नंबर झाकून फक्त आकडे वर्गात आणायचे, हातात पडलेली रक्कम आणि हप्ता RATE मध्ये घालायचा, आणि छापलेल्या एपीआरशी पडताळायचं. फरक आला तर पहिल्यांदा विम्याचा प्रीमियम कर्जातून कापलाय का ते बघा, आणि पहिला हप्ता पूर्ण महिन्याने आहे की मधल्या तारखेला ते बघा, कारण RATE सगळे महिने सारखे धरतं.